हॅन्डओव्हर नोट लिहिताना : अंबड एमआयडीसीतला माझा अनुभव

अंबडच्या एका शीटमेटल कारखान्यात मी डिस्पॅच आणि बाहेरच्या कारखान्यांना करायला दिलेलं जॉबवर्क बघत होते. राजीनामा मंजूर झाल्यावर एचआरने एक पानाचा फॉर्म दिला. त्यात चार रकाने होते : कामे, संपर्क, प्रलंबित बाबी, सावधगिरी. प्रलंबित बाबींसाठी जागा फक्त दोन ओळींची. त्या दोन ओळींचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण माझा सगळा नोटीस पिरियड तिथेच खर्ची पडला.

कामांची यादी पटकन झाली. सकाळी आऊटवर्ड चलन, दुपारी ई-वे बिल, संध्याकाळी स्टोअरकडून आलेल्या मालाची नोंद. संपर्कही सोपे होते. फक्त नंबरासमोर मी वेळ आणि कामही लिहिलं : सातपूरच्या पावडर कोटिंगवाल्यांना अकराच्या आत फोन करायचा, नंतर ते भट्टीवर असतात, लेझर कटिंगवाल्यांकडे हिशोबाचं मालकांना नाही, त्यांच्या सुपरवायझरला विचारायचं. नुसत्या नंबरांची यादी नव्या माणसाच्या काही कामाची नसते.

खरी अडचण झिंक प्लेटिंगच्या एका चलनाची होती. 2 मिमी पत्र्याचे 3,000 ब्रॅकेट प्लेटिंगला गेले होते, चलन 14 नोव्हेंबरचं. परत आले तीन खेपांत : 1,200, मग 900, मग 640. म्हणजे रजिस्टरला 260 नग बाकी. प्लेटिंगवाल्यांच्या ऑफिसला फोन केला की एकच उत्तर : ‘मॅडम, आमच्याकडे तुमचा एकही नग नाही.’ आमचे स्टोअरवाले म्हणायचे, ‘आमच्याकडे इनवर्ड झालेलंच नाही.’ आणि साहेब म्हणाले, ‘लिहून टाक, 260 नग पेंडिंग, पुढचा बघेल.’

मी तसं लिहायला तयार नव्हते. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा जॉबवर्करच्या जागेवरून विकला जावा लागतो, नाहीतर जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं. मग त्यावर कर आणि पाठवल्याच्या तारखेपासून व्याज. 42 रुपये नगाने 260 नगांचे 10,920 रुपये, त्यावर 18 टक्क्यांनी साधारण 1,966 रुपये कर. रक्कम मोठी नाही. पण अशी वीस-पंचवीस चलनं कोणी न बघता पडून राहिली तर माझ्या जागी येणाऱ्या नव्या मुलीच्या पहिल्याच ऑडिटमध्ये तिला उत्तरं द्यावी लागणार, आणि तिला यातलं काहीच माहीत नसणार. ‘260 नग पेंडिंग’ या तीन शब्दांतून मुदत 14 नोव्हेंबरला संपते हेसुद्धा तिला कळलं नसतं.

मग मी वेगळ्या बाजूने शोधलं. एक्सेलच्या रजिस्टरमध्ये त्याच प्लेटिंगवाल्यांची सगळी चलनं लावली आणि बाकी शून्यापेक्षा कमी असलेली ओळ शोधली. सापडली. पहिल्या खेपेतल्या 150 नगांचं प्लेटिंग सुटलं होतं म्हणून ते नव्या चलनाने रिवर्कला दिले होते. त्या चलनावर परत आलेला माल दिसत होता 330. पाठवले 150 आणि आले 330, हे होऊच शकत नाही. प्लेटिंगवाल्यांच्या मुलाने आमच्या जुन्या चलनातले 180 नग रिवर्कबरोबर एकाच गाडीत भरले होते आणि परतीच्या चलनावर एकच नंबर टाकला होता, रिवर्कचा. 260 मधून 180 गेले, राहिले 80.

कुठल्याही जॉबवर्करचा हिशोब लागत नसेल तर आधी जास्तीचा माल दाखवणारं चलन शोधा. एकीकडची तूट बहुतेक वेळा दुसऱ्या चलनावर जास्तीची म्हणून बसलेली असते.

उरलेल्या 80 साठी फोन सोडला आणि छापील रजिस्टर घेऊन स्वतः गेले. तिथे बसवून ठेवलं. ज्यांची सही हवी ते ‘आत्ता येतात’ म्हणत राहिले आणि माझा जीव नुसता वर-खाली होत होता. शेवटी बॅरलवर काम करणाऱ्या एका दादांनी मागच्या भिंतीशी ठेवलेली गोणी दाखवली. आमचेच ब्रॅकेट, बॅरलमध्ये एकमेकांत अडकून वाकलेले. ऑफिसच्या लेखी तो माल नव्हताच, कारण रिजेक्शन त्यांच्या वहीत लिहितच नव्हते. तिथेच गोणी रिकामी करून हाताने मोजले. 80 भरले. त्यांच्या परतीच्या चलनावर आमच्या मूळ चलनाचा नंबर आणि ‘रिजेक्शन’ असं लिहून घेतलं, बॅलन्स कन्फर्मेशनवर सही-शिक्का घेतला आणि मगच निघाले. तो कागद हातात आला तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

हाताने मोजण्याचं कारण सांगायलाच हवं. आमच्याकडे नग वजनकाट्यावर मोजतात : एका नगाचं वजन टाकायचं, काटा संख्या दाखवतो. प्लेटिंगनंतर नग किंचित जड होतो. दोन्ही बाजूंना 8 मायक्रॉन झिंक धरलं तर 2 मिमी पत्र्याच्या नगाचं वजन हजारी साधारण सात भागांनी वाढतं. काट्यावर प्लेटिंगआधीचं वजन ठेवलं तर हजार नगांमागे सात नग उगीच जास्त दिसतात आणि तेवढी तूट झाकली जाते. परतीच्या प्रत्येक खेपेला प्लेटिंग झालेलाच नग काट्यावर ठेवून वजन नव्याने घ्यायचं. हे मी सावधगिरीच्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलं.

प्रलंबित बाबींसाठी शेवटी मी वेगळी शीट जोडली. प्रत्येक ओळीत चलन नंबर, तारीख, पाठवलेले नग, आलेले नग, बाकी, वर्ष कधी संपतं, शेवटचं बोलणं कोणाशी आणि काय झालं, पुढचं पाऊल काय. मुदतीप्रमाणे लावली, जॉबवर्करच्या नावाप्रमाणे नाही. जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म असलेल्या आयटीसी-04 ची तारीखही वर ठळक टाकली : उलाढाल 5 कोटींच्या वर असल्याने आमचं ते सहामाही असतं, 25 ऑक्टोबर आणि 25 एप्रिल. पोरीला सगळ्यात आधी हे दिसलं पाहिजे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती : ई-वे बिलाचा तुमचा पासवर्ड देऊन निघू नका. मुख्य लॉगिनमधून नव्या माणसाचा सब-युजर तिच्या मोबाइल नंबरवर तयार करून घ्या आणि तुमचा बंद करायला लावा. नाहीतर ओटीपी तुमच्या फोनवर येत राहतो आणि तुमच्या नावाने बिलं निघत राहतात. माझ्या मोबाइलवरचे चलनांचे फोटोही मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर तारखेप्रमाणे टाकून दिले.

सहीसाठी नोट नेली तेव्हा साहेबांनी जोडलेली शीट उलटून पाहिली आणि विचारलं, ‘डाय कुठे आहेत?’ प्रश्न बरोबर होता. डाय, जिग, फिक्स्चर यांना एका वर्षाची मुदत नाही, म्हणून ते कोणाच्याच यादीत येत नाहीत. त्याच दिवशी त्यांची वेगळी यादी केली : कोणाकडे, कुठल्या चलनाने, अंगावर कुठला नंबर कोरलाय. आणि लेझरवाल्यांकडे पुरवठादार थेट पत्रा उतरवतो, त्या मालाचं वर्ष आमच्या बिलाच्या तारखेपासून नाही, त्यांच्याकडे पत्रा पोचल्याच्या तारखेपासून मोजायचं, हेही त्याच कागदाखाली हाताने लिहून सही घेतली.