पाचशेची एसआयपी आणि बँकेचे अकराशे ऐंशी

मी सांगलीत एका औषधांच्या दुकानात काम करते. म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची एसआयपी सुरू केली तेव्हापासून दुकानातल्या पोरी एकच विचारतात, "ताई, महिना पाचशेनं काय होतंय? त्यापेक्षा खर्च केलेले बरे." आईचंही तेच मत. ती पोस्टाच्या आरडीत पैसे टाकते, एजंट बाई दर महिन्याला घरी येऊन पैसे घेऊन जातात, आणि तिला तेवढं पुरेसं वाटतं. पाचशे रुपये फायद्याचे आहेत, हे मी आज खात्रीने सांगते. पण मधे दोन महिने असे गेले की माझाच विश्वास उडाला होता. ते म्युच्युअल फंडामुळे नाही, बँकेच्या खात्यामुळे. तेवढंच सविस्तर लिहिते, बाकी केवायसी आणि अ‍ॅप वगैरे एका दुपारी झालं.

जून २०२४ मध्ये मी एका इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात, पाचशेचा हप्ता लावला. तारीख अ‍ॅपनेच ५ दाखवली होती, मी तीच ठेवली. माझा पगार ७ ते १० च्या दरम्यान होतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते आधीच्या पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांवर निघून गेले. सप्टेंबरमध्ये आईच्या औषधांना पैसे लागले आणि ५ तारखेला खात्यात २१२ रुपये उरले होते. हप्ता परत गेला. अ‍ॅपवर 'पेमेंट अयशस्वी' दिसलं. मला वाटलं, एक महिना चुकला, एवढंच.

९ तारखेला पगार आला. घरखर्चाचे पैसे काढले आणि पुढच्या हप्त्यासाठी खात्यात मुद्दाम ६०० ठेवले. १२ तारखेला बँकेने त्यातले ५९० काढून घेतले. हप्ता परत गेल्याचा दंड ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०. त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती, मेसेज मी वाचलाच नाही. खात्यात १० रुपये राहिले. ऑक्टोबरची ५ तारीख शनिवारी आली, म्हणून हप्ता सोमवारी, ७ ला गेला आणि तोही परत आला. पुन्हा ५९०.

म्हणजे पहिल्या दंडानेच दुसरा दंड ओढवला. ही गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर वाचले असते. दंड हप्ता चुकल्याच्या दिवशी कापला जाईलच असं नाही, खात्यात पैसे आल्यावरही कापला जातो, आणि आपण पुढच्या हप्त्यासाठी ठेवलेले पैसेच तो खातो. तोवर माझे फंडात गेलेले होते १५०० आणि बँकेने घेतलेले ११८०.

पासबुकात NACH RTN CHG, म्हणजे आपोआप कापायचा हप्ता परत गेल्याचं शुल्क, असं छापून आलं होतं. शाखेत गेले तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, हे फंडवाल्यांचं आहे, त्यांना विचारा." फंडाच्या हेल्पलाइनवर पाऊण तास थांबले, तेव्हा एक मुलगी स्पष्ट बोलली की फंड हाउस चुकलेल्या हप्त्यावर काहीच दंड घेत नाही, तो तुमच्या बँकेचा आहे. तिचं बरोबर होतं. पुन्हा शाखेत गेले. आता उत्तर मिळालं, "तुमचं खातं झिरो बॅलन्स आहे ना, मग चार्ज कसा लागेल?" मीही तोवर तेच धरून चालले होते. झिरो बॅलन्स म्हणजे किमान शिल्लक नसल्याचा दंड नाही, एवढंच. मँडेट म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला बँकेला दिलेली परवानगी, त्यावरचा हप्ता परत गेल्याचा दंड वेगळा असतो आणि तो बँकेच्या शुल्कपत्रकात वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. ते पत्रक मी मागून घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं. प्रत्येक बँकेचा आकडा वेगळा असतो. एसआयपी लावण्याआधी तो विचारून घ्या.

मग शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. दोन्ही तारखा, दोन्ही रकमा, आणि दुसरा हप्ता पहिल्या दंडामुळेच परत गेला हे पासबुकाच्या झेरॉक्ससह दाखवलं. पोच घेतली. पोच नसेल तर पुढे काहीच करता येत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. मला तिथवर जावं लागलं नाही, अठराव्या दिवशी दुसरे ५९० परत जमा झाले. पहिले गेले ते गेलेच. त्या दिवशी पासबुक घेऊन मी थेट आईकडे गेले होते.

आता पोरींच्या प्रश्नाकडे येते. फंडातला खर्च टक्क्यांत असतो, म्हणून तो लहान रकमेला जास्त बोचत नाही. पाचशेवर मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के लागतं, माझ्या स्टेटमेंटवर ते दोन पैसे दिसतं आणि ४९९.९८ रुपयांचे युनिट, म्हणजे फंडातले हिस्से, मिळतात. एका युनिटचा भाव ४० असेल तर साधारण साडेबारा युनिट. पाच लाख टाकणाऱ्यालाही त्याच भावाने मिळतात. लहान रकमेला मारतो तो ठरलेल्या रुपयांतला खर्च. ५९० चा दंड पाच हजारांच्या हप्त्यावर १२ टक्के होतो, माझ्या हप्त्यावर ११८ टक्के. वर्षात एकदा जरी लागला तरी भरलेल्या सहा हजारांतले जवळपास दहा टक्के गेले. शेअर ठेवायच्या डीमॅट खात्याच्या वार्षिक शुल्काचंही असंच. म्युच्युअल फंडाला डीमॅट लागत नाही, ते कुणी गळ्यात मारू लागलं तर नाही म्हणा.

दरमहा पाचशे दहा वर्षं म्हणजे ६० हजार. सरासरी ८ टक्के मिळाले तर साधारण ९२ हजार होतील, १२ मिळाले तर एक लाख सोळा हजार, आणि बाजार पडलेला असताना काढले तर कमीही हातात येतील. म्हणून दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे मी इथे टाकत नाही. त्यासाठी तेवढ्या मुदतीची आरडीच बरी, आणि हे आईला सांगितल्यावर ती खूश झाली.

एक राहिलं. एसआयपी बंद करायची असेल तर ती आधी अ‍ॅपवर किंवा फंडाकडे बंद करा, मग बँकेतलं मँडेट. उलट केलंत तर फंड पैसे मागत राहतो आणि हप्ता परत जातो. सलग तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी आपोआप बंद होते, पण तोवर तीन दंड लागलेले असू शकतात. आणि पगाराची तारीखच ठरलेली नसेल, तर मँडेट लावूच नका. हातात पैसे आले की अ‍ॅपवर जाऊन यूपीआयने एकरकमी पाचशे टाका. योजनेची किमान रक्कम मात्र आधी बघून घ्या, काहींत ती पाचशेहून जास्त असते. दुकानातल्या दोघींना मी हाच रस्ता सांगितला.

मी माझी तारीख १५ केली, जुनी एसआयपी बंद करून नवी लावावी लागली. खात्यात दीड हजार कायम पडून असतात, त्यांना हात लावत नाही. नोव्हेंबर २०२४ चा हप्ता १५ ला गुरुनानक जयंतीची सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार आल्याने १८ तारखेला गेला. मेसेज आला तेव्हा मी काउंटरवर होते, गर्दीतही तो लगेच उघडून वाचला.