नानांच्या पोटॅशियमचा उलगडा

नानांच्या पायांवर सूज होती, जिना चढताना दम लागत होता. टू-डी इकोत हृदयाचं पंपिंग 30 टक्के निघालं. बीपी आणि हृदयासाठीची रामिप्रिल चालूच होती, त्यात स्पायरोनोलॅक्टोन 25 मिलिग्रॅमची भर पडली. मेडिकलवाला म्हणाला, "लघवीची गोळी आहे." तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून गंगापूर रोडच्या आमच्या डॉक्टरांनाच विचारलं.

हृदय कमजोर झालं की शरीराला वाटतं रक्त कमी पडतंय, आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त सोडू लागतात. हे हार्मोन मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला आणि पोटॅशियम टाकून द्यायला लावतं. हार्मोनने जिथे जाऊन बसायचं, ती जागा ही गोळी आधीच अडवते. मग मीठ-पाणी बाहेर जातं, पण पोटॅशियम आत राहतं. रामिप्रिलही ते वाढवते. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. म्हणून रक्ततपासणी गोळीआधी, आठवड्याने, महिन्याने आणि पुढे ठराविक काळाने करायची.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग नानांच्या छातीत गाठीसारखं दुखू लागलं, बनियन घासलं तरी कळ यायची. संकोचामुळे ते बरेच दिवस बोलले नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन पुरुष हार्मोनच्या कामातही ढवळाढवळ करते, त्यामुळे काही पुरुषांच्या छातीला अशी सूज येते. डॉक्टरांनी ती बंद करून एप्लेरेनोन दिली. ती नेमकी अल्डोस्टेरॉनच्याच जागेवर काम करते, त्यामुळे छातीचा त्रास क्वचित होतो. महाग आहे, पण नानांचं दुखणं हळूहळू कमी झालं. पोटॅशियमच्या बाबतीत मात्र हीसुद्धा तितकीच सांभाळायची गोळी.

ते लवकरच दिसलं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढून 5.8 आलं. रक्त घेताना पेशी फुटल्या तरी आकडा खोटा चढतो, म्हणून त्याच दिवशी पुन्हा नमुना दिला: 5.7. ईसीजी ठीक होता, क्रिएटिनिनही पूर्वीइतकंच. म्हणजे मूत्रपिंड अचानक बिघडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "गुडघ्यासाठी पेनकिलर? जुलाब? शहाळं? घरात मीठ कोणतं?"

मीठ! बीपीला चांगलं म्हणून काकूंनी कमी सोडियमचं मीठ आणलं होतं. पाकीट उलटून पाहिलं तर बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड. सोडियम कमी करायला त्याच्या जागी हेच घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं, नानांना नाही.

एप्लेरेनोन निम्मी केली. आकडा 6 च्या वर असता तर बंदच करावी लागली असती. घरात साधंच मीठ आलं, तेही बेतानं. आठवड्याने पोटॅशियम 4.8. आता नानांना जुलाब-उलट्या झाल्या की आम्ही आधी डॉक्टरांना फोन करतो, कारण अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड मंदावतं आणि पोटॅशियम साठतं. घशाच्या दुखण्यालाही कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिली, तर एप्लेरेनोनचं नाव आधी सांगतो. त्या अँटिबायोटिकमुळे एप्लेरेनोन रक्तात बरीच वाढते.