बर्लिनचे फळप्रदर्शन आणि नंतरचा एक मेल

फ्रुट लॉजिस्टिकासाठी बर्लिनला जाणाऱ्या आपल्या द्राक्षवाल्यांची मोठी अडचण तारखेची आहे. प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, बुधवार ते शुक्रवार असते आणि नेमकी तेव्हाच नाशिकला तोडणी जोरात असते. त्यामुळे गेल्याचे चीज व्हायचे असेल तर भेटी आधी ठरवून जा. मेसे स्यूड स्टेशनवर उतरलात तर दक्षिणेकडचे प्रवेशद्वार जवळ पडते. हॉल एकमेकांपासून बरेच लांब आहेत, म्हणून एका बाजूच्या भेटी एकाच दिवशी ठेवा. शुक्रवारी दुपारनंतर लोक स्टॉल आवरायला लागतात, तेव्हा महत्त्वाची भेट त्या वेळेला नको.

यंदा माझ्या लक्षात राहिली ती रॉटरडॅमजवळच्या एका आयातदार कंपनीत खरेदी पाहणाऱ्या बाईंची भेट. दर, साखर, मण्यांचा आकार यावर त्या फार बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "मणी चांगले येतात, पण देठ तपकिरी पडलेले असतात. तोडल्यापासून प्रीकूलिंगमध्ये जाईपर्यंत तुमचा माल किती वेळ बाहेर असतो?"

प्रश्न नेमका होता. तांबड्या समुद्राचा मार्ग टाळून जहाजे आफ्रिकेला वळसा घालतात तेव्हा न्हावा शेवा ते रॉटरडॅम प्रवास पाच आठवड्यांच्या घरात जातो. देठ वाळतो तो पाणी उडून गेल्यामुळे, आणि हे नुकसान बरेचसे तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांतच होते. उन्हात राहिलेली कॅरेट नंतर कितीही थंड केली तरी गेलेले पाणी परत येत नाही. शिवाय पॅकहाऊसमध्ये देठ हिरवाच दिसतो. तपकिरी पडतो तो तिकडे, पेटी उघडल्यावर.

त्या आमच्या स्टॉलवरून निघताच मी त्यांच्या कार्डामागे लिहिले: "देठ. तोडणी ते प्रीकूलिंग. आठवडा 13." तिकडचे खरेदीदार तारखेपेक्षा आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. आठवडा 13 म्हणजे मार्चचा शेवट, म्हणजे माल आठवडा 8 मध्ये जहाजावर चढायला हवा. "या विषयावर मेल पाठवू का?" हेही तिथेच विचारून घेतले. जर्मनीत संमतीशिवाय जाहिरातीचा मेल व्यापाऱ्यालाही पाठवता येत नाही, म्हणून हा प्रश्न प्रत्येकाला विचारायची सवय ठेवा.

मेल मी पुढच्या मंगळवारी सकाळी, त्यांच्या कचेरीच्या वेळेला पाठवला. सोमवारी त्यांचा इनबॉक्स भरलेला असतो आणि आठवडाभर थांबलात तर तुमचा चेहरा विसरला जातो. विषयाच्या ओळीत कंपनीचे नाव मागे ठेवून "हिरवे देठ, तोडणी ते प्रीकूलिंगची नोंद" हे पुढे घेतले. मेल इंग्रजीत होता, मराठीत त्याचा गाभा असा:

"नमस्कार. गुरुवारी आमच्या स्टॉलवर आपण देठ तपकिरी पडण्याबद्दल विचारले होते. सोबत थॉमसनच्या एका लॉटची नोंद जोडली आहे. तोडणी सकाळी 7:15 ला सुरू झाली, पहिली गाडी 9:30 ला पॅकहाऊसला आली आणि पेट्या 12:40 ला प्रीकूलिंगमध्ये गेल्या. रात्री 8 वाजता मण्याच्या आतले तापमान 1 अंश होते. पेटी 5 किलोची, 500 ग्रॅमचे 10 पनेट. आठवडा 13 ला पोहोचेल असा एक कंटेनर आपल्याला पाहता येईल का?"

एवढेच. कंपनीची स्थापना, प्रमाणपत्रांची यादी, डाळिंब आणि कांदाही आम्ही देतो, यातले काही नाही. बाईंनी जे विचारले त्याचे उत्तर आणि शेवटी हो-नाही म्हणता येईल असा एकच प्रश्न. जोडपत्रही एकच, एका पानाचे. बागेतल्या फोटोंचे ओझे मेलला लावू नका, तो स्पॅममध्ये अडकू शकतो.

नोंद मात्र खरीच द्या. 7:15 ते 12:40 म्हणजे जवळपास साडेपाच तास होतात, आणि ते मी कमी करून लिहिले नाहीत. पहिल्या तोडलेल्या कॅरेटपासून मोजले हेही पानावर लिहिले. कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर असतो, पेटी उघडल्यावर देठही समोर असतो. कागद आणि माल जुळले नाहीत तर पुढचा मेल कोणी उघडत नाही.

बाईंचे उत्तर आले ते दुसरा प्रश्न घेऊन: ग्रेपगार्ड कोणता आणि किती आठवड्यांचा? ग्रेपगार्ड म्हणजे पेटीत ठेवायचा, हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद. प्रवास लांबला की हाही कळीचा मुद्दा होतो, कारण हा वायू कमी पडला तर कूज येते आणि जास्त सुटला तर मणी देठाजवळ पांढरे पडतात. म्हणून निघण्याआधी ग्रेपगार्डच्या पाकिटाचा आणि पेटीत तो कसा ठेवता त्याचा स्पष्ट फोटो फोनमध्ये घेऊन ठेवा, आणि पॅकहाऊसच्या सुपरवायझरला सांगून ठेवा की बर्लिनहून फोन आला तर त्या दिवसाच्या लॉटच्या वेळा लगेच पाठवायच्या.