वाचून सही कर, मी आणून दिला तरी

«बाई, नातीच्या लग्नात टोस्ट द्यायला उभ्या राहिलात आणि हक्कसोडपत्रावर बोललात. तो दिवस होता का त्या विषयाचा?»

हो, तोच दिवस होता. मिस्साला जाताना गाठता, बाजारात गाठता, परवा तर मयतीला गाठलंत. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी जन्मभर झेडपीच्या शाळेत शिकवलं, तेव्हा लांबण लागली तर चालवून घ्या.

टोस्ट कसा असतो हे मला माहीत नाही असं कृपा करून म्हणू नका. वसईच्या अर्ध्या मामा-काकांनी हॉलमध्ये वाचलेले टोस्ट मीच लिहून दिलेत. नवरीच्या आईबापाचं कौतुक, नवऱ्यामुलाच्या नोकरीचा उल्लेख, मिठासाखरेचा एक विनोद, मग ग्लास वर आणि बँडवाल्याला खूण. तीन मिनिटं. बायका लिहायच्या, पुरुष बोलायचे. या वेळी नातच म्हणाली, «आजी, तूच बोल. आणि खरं काहीतरी बोल.» तिच्या दुसऱ्या वाक्याकडे मी जरा जास्त लक्ष दिलं, एवढाच माझा गुन्हा.

मी बोलले ते इतकंच: «बाय, तुझ्या आजीने एका कागदावर न वाचता सही केली. तुझ्या आईने वाचून केली, पण आईच्या भीडेने केली. तू वाच, आणि नको वाटलं तर करू नकोस. कागद भावाने आणला तरी, नवऱ्याने आणला तरी, मी आणून दिला तरी.» मग मी ग्लास उचलला. समोरचे ग्लास तसेच हवेत राहिले. बँडवाला माझ्याकडे बघत होता, त्याला कळेना वाजवायचं की नाही.

आता त्या कागदाचं सांगते.

माझे वडील 1979 मध्ये वारले, मृत्युपत्र न करता. मागे आई, तीन भाऊ आणि मी. वाडी 72 गुंठे: केळी, पानवेल, विहीर. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू होतो तो 1925 चा भारतीय वारसा कायदा. 'मुलींना हक्क 2005 पासून' असं जे तुम्ही मला ऐकवता, ते हिंदू कायद्यातल्या वडिलोपार्जित मिळकतीचं, आपलं नव्हे. आपल्यात विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी असा भेदच नाही. म्हणजे आईचे 24 गुंठे आणि आम्हा चौघांचे प्रत्येकी 12. तलाठ्याने वारसनोंद केली तेव्हा माझं नाव सातबाऱ्यावर रीतसर लागलं होतं. ते आपोआप गळत नाही. ते काढायला माझीच सही लागते.

1987 च्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, धाकटा भाऊ आला. म्हणाला, सोसायटीचं कर्ज काढून विहिरीवर नवा पंप बसवायचाय, पण सातबाऱ्यावर पाच नावं, दर वेळी पाच सह्या, तू लांब, आईला चालवत नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. पंप खरंच बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो. बाहेर झाडाखाली टाइपरायटरवाला, त्याच्याकडे कागद तयार होता. आईने आधी अंगठा दिला. तिचाही हिस्सा त्याच कागदात होता, हे मला पुढे कळलं. माझ्या डाव्या अंगठ्याला शाई लावली, चार पानांवर सह्या झाल्या, दोन साक्षीदार भावाच्या ओळखीचे. परतताना वहिनीने साडी आणि चोळीचं कापड दिलं. मोरपंखी रंगाची होती. मी ती नेसले, सांगायला लाज कसली.

वीस-बावीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला फसवलं, पंपाचा कागद म्हणून सही घेतली. इथे थांबते, कारण हे पूर्ण खरं नाही. पहिल्या पानावर वरच, मधोमध, ठळक अक्षरात 'हक्कसोडपत्र' टाइप केलेलं होतं. मी दुसरी-तिसरीच्या पोरांना जोडाक्षरं शिकवणारी बाई. 'क्क' मला दिसला नाही असं कसं होईल? मी तो वाचला आणि पान उलटलं. आदल्याच वर्षी, 1986 मध्ये, केरळच्या मेरी रॉय सुप्रीम कोर्टात जिंकल्याची बातमी पेपरात आली होती. तिकडे त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती मुलींना नाममात्र हिस्सा मिळायचा, तो कायदा गेला. स्टाफरूममध्ये मी ती बातमी मोठ्याने वाचली होती आणि म्हणाले होते, बिचाऱ्या तिकडच्या बायका.

तेव्हाची मी आज समोर बसली तर म्हणेल, भावाला नाही म्हटलं असतं तर सणाला कुठे गेले असते, आईला कोणी भेटू दिलं असतं? तिला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त एवढंच म्हणेन की बाई, निदान नक्कल तरी घ्यायची होतीस.

ती नक्कल मी 2008 मध्ये काढली. तोवर वाडीच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर चार मजली इमारत उभी होती. वकिलांनी सांगितलं, नोंदणीकृत दस्त आहे, फसवणुकीने झाला म्हणायचं तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लागतो, तुम्हाला कधी कळलं? मी गप्प बसले. कधी कळलं ते मी वर लिहिलंच आहे.

पण नक्कल वाचताना तिसऱ्या पानावर एक वाक्य सापडलं आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्यात आहे. «माझ्या लग्नात वडिलांनी माझ्या हिश्श्याहून अधिक खर्च केलेला असल्याने माझा हक्क पूर्णपणे फिटला असून, सदर दस्त मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहे.» माझ्या लग्नात शंभर माणसं होती आणि भावांच्या लग्नात त्याहून जास्त. त्यांच्या मांडवाचा खर्च कुठल्या कागदात लिहिलाय? कायदा तर उलटं सांगतो. त्याच 1925 च्या कायद्याचं कलम 49 आहे: बापाने हयातीत मुलासाठी किंवा मुलीसाठी जो पैसा खर्च केला, जे देऊन ठेवलं, ते त्याच्यामागे हिस्सा मोजताना धरायचं नाही. लग्नाच्या खर्चाने वारसाहक्क फिटत नाही. राजीखुशीने सोडता येतो, तो वेगळा भाग. पण मग कारण म्हणून लग्न का लिहिता?

म्हणून लग्नातच बोलले. त्या हॉलमध्ये केक, बँड, पाचशे पानं, सगळं चालू होतं आणि मला दिसत होतं की उद्या कोणीतरी टायपिस्टला सांगेल, घाल ते नेहमीचं वाक्य.

नेहमीचंच म्हणते, कारण मी ते दुसऱ्यांदाही वाचलं आहे. आणि दुसऱ्यांदा कागद घेऊन गेलेली मी होते.

माझे यजमान 2009 मध्ये गेले. तीस गुंठे मागे. मी, मुलगा, मुलगी, तिघांना दहा-दहा, हिशेब इतका सरळ की तिसरीतल्या पोराने करावा. मुलाला घर बांधायचं होतं, बँक म्हणाली नावं कमी करा. मी माझं नाव कमी केलं नाही, हे लक्षात घ्या. मी मुलीकडे गेले. नक्कल काढून वर्षही झालं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. एकेक गट नंबर बोट ठेवून वाचला. तिसऱ्या पानावर थांबली. «आई, माझ्या लग्नात किती खर्च आला होता?» मी म्हटलं, ते तसं लिहायची पद्धत असते. ती म्हणाली, «विहिरीलगतचे दोन गुंठे माझ्या नावावर राहू देत, बाकीचं सोडते.» दोन गुंठे. आणि मी तिला म्हणाले, «इतकी हावरट कधीपासून झालीस?» हा शब्द मी वापरला. माझ्या भावांनीही मला कधी वापरला नव्हता. तिने पुढे काही विचारलं नाही, साडी घेतली नाही, सोमवारी कचेरीत येऊन सही करून गेली. टेबलाच्या खालच्या अंगाला अकरा वर्षांची नात गृहपाठ करत बसली होती. आम्हाला वाटलं, तिचं लक्ष वहीत आहे.

मुलगा वाईट आहे असं कृपा करून काढू नका यातून. माझं औषधपाणी तोच बघतो, आणि माझ्या बाजूला तो भर हॉलमध्ये मान खाली घालून बसला होता, त्याचं मला वाईट वाटलं. तुमच्यातले काहीजण म्हणतात, दोघांना घरी बोलावून सांगायचं होतंत. घरी मी पंधरा वर्षं नाही सांगू शकले. हातात माइक आणि समोर पाचशे माणसं असली की मागे फिरता येत नाही, हा शिक्षकी पेशाचा गुण म्हणा की दोष.

धाकटा भाऊ आला होता. तिघांतला तेवढाच उरलाय, गुडघे गेलेत त्याचे. टोस्टनंतर कोणी माझ्याजवळ येईना, तो काठी टेकत आला. मला वाटलं भांडेल. शेजारची खुर्ची ओढून बसला, ग्लासातली वाइन संपवली आणि हळूच म्हणाला, «ताई, त्या दिवशी तू वाचलं होतंस ना?» मी त्याच्याकडे बघितलं नाही. «मला वाटलंच होतं,» म्हणाला. मग म्हणाला, इंदयाल फार तिखट झालंय.

नात आता वरचेवर फोन करते. मुलगी त्या टोस्टबद्दल एक अक्षर बोललेली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री भांडी आवरताना फक्त म्हणाली, «'भीडेने' हा शब्द नको होता. भीड नव्हती ती.» काय होतं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझे दहा गुंठे अजून माझ्या नावावर आहेत. मृत्युपत्राचा मसुदा कपाटात आहे, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करायची नसते. एक साक्षीदार मिळालाय. मुलाने आतापर्यंत दोनदा विचारलं की त्यात काय लिहिलंय. मुलीने एकदाही नाही.