झेंडूच्या ढिगातून आजींना बाहेर काढताना

दसऱ्याच्या आधी दादरच्या फुलबाजारात काढलेला फोटो. मधोमध आजी उभ्या, अंगावर केशरी नऊवारी, काठ हिरवे. डाव्या हातात झेंडूची माळ. हाताशेजारी झेंडूचा कमरेइतका ढीग, तोही केशरीच. दुसऱ्या बाजूला शेजारच्या गाळ्यावरची बाई जवळजवळ त्यांना चिकटून उभी, आणि तिची साडी आजींच्या साडीची सख्खी बहीण. आजींच्या पंचाहत्तरीसाठी नातवाला स्टँडी करायची होती. म्हणाला, "काका, फक्त आजी पाहिजे. मागचं सगळं काढून टाका."

आधी त्याला व्हॉट्सॲपवरचा फोटो परत पाठवायला लावला. तिथे फोटो आकसून येतो, त्यातून असलं कटिंग होत नाही. डॉक्युमेंट म्हणून आलेली मूळ फाइल 3000 बाय 4000 पिक्सेलची होती. आजींच्या गुडघ्यांपुढे टोपली होती, त्यामुळे डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचाच भाग मिळणार होता, साधारण 2400 पिक्सेल. स्टँडीवर तो चार फूट उंच जाणार. म्हणजे एका इंचात 50 पिक्सेल, एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. कडेला दोन पिक्सेल झेंडू राहिला तर छापल्यावर आजींभोवती मिलिमीटरभर केशरी रेघ दिसणार. मोबाइलवर हे कुणाला कळणार नाही, पण हॉलच्या दारात उभ्या केलेल्या स्टँडीवर पाहुणे अगदी जवळ येऊन बघतात.

फोटोशॉपमध्ये क्विक सिलेक्शन फिरवलं तर आजींबरोबर अर्धा ढीग आणि शेजारीणही उचलली गेली. त्यात नवल नाही. ते टूल रंगाचा आणि उजेडाचा फरक बघतं, आणि इथे फरकच नव्हता. म्हणून चॅनल, म्हणजे फोटोतले लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे वेगवेगळे थर, उघडून एकेक बघितले. लाल चॅनलमध्ये साडी, फुलं, शेजारीण सगळं पांढरं फटक. हिरव्यात थोडंफार कळत होतं. निळ्यात मात्र ढीग जवळजवळ काळा झाला आणि साडी राखाडी राहिली. झेंडूची पाकळी निळा प्रकाश जवळपास सगळा पिऊन टाकते. धुऊन धुऊन विटलेलं सुती कापड तेवढं पीत नाही, थोडा परत टाकतं. त्यात वरती निळी ताडपत्री होती, तिचा उजेड साडीवर पडलेला. शून्य ते 255 च्या मापात बघायचं तर फुलं 15-20 च्या घरात आणि साडी 50-60. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून सगळ्यात वर एक कर्व्ह्सचा लेयर टाकून निळा चॅनल खूप ताणला. फोटो भयानक दिसायला लागला, पण कड दिसली. असा लेयर फक्त बघण्यापुरता असतो, शेवटी काढून टाकायचा.

पण काय ठेवायचं आणि काय झाकायचं ते ठरवणारा मास्क निळ्या चॅनलवरून थेट बनवू नये. जेपेगमध्ये मोबाइल रंगाची माहिती बहुधा उजेडाच्या निम्म्या बारकाईने साठवतो, त्यामुळे रंगाची कड एक-दोन पिक्सेल ओघळलेली असते, आणि निळ्यात दाणेही सगळ्यात जास्त. कड कुठे आहे एवढं निळ्याला विचारायचं, पण रेघ मारताना उजेड-सावलीची कड बघायची. मी पेन टूलने कडेची रेघ, म्हणजे पाथ, काढला. झूम 200 टक्के, त्याच्या पुढे गेलं की नुसते चौकोन दिसतात आणि हात वळणाऐवजी चौकोनांच्या मागे धावतो. पाथ कडेच्या एक पिक्सेल आत ठेवला आणि कड किंचित मऊ व्हावी म्हणून फेदर अर्ध्या पिक्सेलचा दिला.

माळेपाशी पेन टूल कामाचं नव्हतं. हातातली माळ ढिगासमोर लोंबत होती, म्हणजे झेंडूसमोर झेंडू. मोबाइलच्या फोटोत पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट येतं, तेव्हा धूसरपणावरूनही वेगळं करता येईना. शेवटी सावली धरली. ढीग उन्हात होता आणि माळ आजींच्या अंगाच्या सावलीत, म्हणून माळेतल्या फुलांचा तळ गडद होता आणि ढिगावर माळेची एक बारीक सावली पडली होती. तिच्या मागोमाग फूल-फूल करत मास्कवर छोट्या ब्रशने रंगवत गेलो. ब्रशची कड जरा टणक ठेवली आणि पाकळ्यांची दातेरी कड दातेरीच राहू दिली. इथे गुळगुळीत वळण काढलं की माळ प्लॅस्टिकची दिसते. खालच्या टोकाला दोन फुलं ढिगात अशी मिसळली होती की ती कुणाची हे ठरवता येईना. ती सोडली आणि वरचंच एक फूल क्लोन करून माळ तिथे संपवली.

खरी पंचाईत उजव्या कमरेशी होती. शेजारणीच्या बाजूला आजींच्या कमरेजवळ केशरी कापडाचा एक फुगवटा होता, वर हिरव्या काठाचा तुकडा. तो आजींचा की शेजारणीचा? निळा चॅनल इथे काहीच सांगेना. कापड तेच, ताडपत्रीचा उजेड तोच. चुण्यांची दिशा बघितली तर एक चुणी आजींकडे जात होती आणि दुसरी मध्येच सावलीत हरवत होती. अशा वेळी अंदाजाने रेघ मारणारे बरेच आहेत, आणि मग बाईच्या कमरेला भलताच फुगा येतो. मी नातवाला फोन केला. त्याने आपल्या आत्याला दिला.

"आत्याबाई, आजी पदर कसा घेतात?"

"डाव्या खांद्यावरून, पाठीमागून फिरवून उजव्या कमरेला खोचते. कामाला उभी राहिली की कायम खोचलेलाच."

"आणि शेजारच्या बाईंची साडी?"

"अहो, दोघींनी एकाच दुकानातनं घेतल्यात. पण मावशी पदर मोकळा सोडतात."

म्हणजे फुगवटा खोचलेल्या पदराचा, आजींचाच. तसं मानून बघितल्यावर हरवलेली चुणी कुठे जाते तेही दिसलं: फुगवट्याच्या खाली वळून कमरेत. मावशींचा पदर सरळ खाली पडला होता, आणि दोघींच्या मधली काळसर फट, जी मी आधी चुणी समजून बघत होतो, तीच कड होती. तरी शेवटची बोटभर कड फोटोत नव्हतीच. ती कापडाचं वजन लक्षात घेऊन हाताने काढली.

केसांचं काम त्या मानाने सोपं. पांढरे केस, मागे दुकानाचा अंधार. तिथे निळा चॅनलच लेव्हल्सने कडक करून मास्क म्हणून चालला.

पाथ झाला की मी खाली आळीपाळीने काळा आणि भडक हिरवा रंग भरून बघतो. काळ्यावर उजळ कडा उघड्या पडतात, हिरव्यावर राहिलेलं केशरी. इथे कडा ठीक होत्या, पण डाव्या हाताची खालची बाजू पिवळी दिसत होती. ढिगावरून उसळलेला उजेड तो. बाजारात शोभत होता, पण स्टँडीच्या मोतिया रंगावर आजींना कावीळ झाल्यासारखं वाटत होतं. वर एक लेयर क्लिप करून कलर मोडमध्ये कोपराजवळचा कातडीचा रंग 30 टक्क्यांनी मारला. पूर्ण काढला नाही, नाहीतर हात मेणाचा होतो.

स्टँडी छापून गेली. दुसऱ्या दिवशी नातवाचा फोन आला. आमंत्रणपत्रिकेवर मावशीही हव्या होत्या. चाळीस वर्षं शेजारी बसतात म्हणे.

मी म्हटलं, "त्यांना एकट्यांना नाही काढता येणार. त्यांचा डावा खांदा आजींच्या मागे आहे, तो फोटोत नाहीच. ठेवायच्या तर दोघी एकत्रच ठेवाव्या लागतील."

"मग ठेवा की एकत्र."

म्हणजे कमरेजवळची ती रेघ, जिच्यावर अर्धी दुपार गेली होती, पत्रिकेत लागणारच नव्हती. मावशींच्या बाहेरच्या कडेला मात्र मागे निळी ताडपत्री होती. तो पाथ दहा मिनिटांत झाला.