हुमणात पाणी किती

"शंभर तासांचा गेम आहे म्हणतात, साडेतीन हजारांना. पण त्यातले खरे तास किती आणि पाणी किती, हे घेण्याआधी कळतं का हो?"

हुमण पुरवायला पाणी घालतात तसे गेमचे तासही वाढवलेले असतात, पण ते बऱ्यापैकी कळतं. मला कळायला मात्र एकदा पैसे घालवावे लागले.

फोंड्यात जूनचा पाऊस एकदा लागला की बाहेर पडणं होत नाही. अशाच एका जूनमध्ये मी एक मोठा ओपन वर्ल्ड गेम घेतला, म्हणजे मॅपवर हवं तिथे फिरता येणारा. नाव सांगत नाही. पंचवीस तास छान गेले, गोष्ट ऐन रंगात आली आणि पुढच्या मिशनवर लाल कवटी दिसू लागली. लेव्हल 28 हवी होती, माझी होती 23. मधल्या पाच लेव्हलसाठी मॅपवरच्या शत्रूंच्या छावण्या साफ करायच्या. पहिली छावणी मजेत केली. चौथीत शिरलो तेव्हा पेटी कुठल्या तंबूत असणार हे मला दारातूनच ठाऊक होतं. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर रिफंड मिळतो, पण घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. त्या दोन तासांत गेम अडकतोय का, कॉम्प्युटरला झेपतोय का, एवढं कळतं. पाणी लागतं ते त्याच्या फार पुढे. सुरुवातीचे दोन तास तर सगळ्यात मेहनतीने घडवलेले असतात, कारण ते सगळेच बघतात.

पाणी घालतात त्याचं एक कारण उघड आहे. पैसे मोजणारा तास मोजतो. जानेवारी 2022मध्ये 'डाइंग लाइट 2' बाजारात येण्याआधी टेकलँड कंपनीने मोठ्या दिमाखात जाहीर केलं की गेम पूर्ण करायला किमान 500 तास लागतील. लोक खूश होण्याऐवजी धास्तावले. मग खुलासा आला: मुख्य गोष्ट साधारण 20 तासांची, बाजूच्या कामांसकट 80, आणि 500 म्हणजे कानाकोपऱ्यातलं सगळं. जाहिरातीत शिरला तो मात्र सगळ्यात मोठा आकडा.

दुसरं कारण सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ओपन वर्ल्डमध्ये तुम्ही कुठलं काम कधी कराल हे बनवणाऱ्याला माहीत नसतं. छावणी तिसऱ्या तासाला साफ कराल, साठाव्याला कराल, किंवा कधीच नाही. म्हणून ती अशी बनवावी लागते की तिचा कशाशीच संबंध नसेल. कथेतला कोणी तिचा उल्लेख करणार नाही, कारण केला तर न केलेल्यांसाठी वेगळे संवाद लिहा, वेगळे आवाज रेकॉर्ड करा, दोन्ही वाटा तपासा. प्रत्येक फाट्यामागे खर्च दुप्पट. छावणी मॅपवर आणखी वीस ठिकाणी ठेवायला त्यामानाने काहीच लागत नाही. पाणी म्हणजे आळस, असं म्हणूनच मला वाटत नाही. कशालाच न जोडलेलं काम स्वस्तात वाढवता येतं, इतकंच.

दोन्ही प्रकार एकाच गेममध्ये बघायचे तर 2015चा 'द विचर 3' घ्या. त्यातल्या स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात, मॅपवर, ढिगाने प्रश्नचिन्हं आहेत. होडी घेऊन जा, वरून झडप घालणाऱ्या सायरन राक्षसिणी मारा, तस्करांची पिंपं उघडा, पुढच्या चिन्हाकडे वळा. दहावं पिंप पहिल्यापेक्षा कशातही वेगळं नाही. त्याच गेममध्ये वेलेनच्या तळ्यातल्या बेटावर एक पछाडलेला मनोरा आहे. केइरा नावाची जादूगार तुम्हाला तिथे पाठवते. मनोऱ्यातलं मुलीचं भूत म्हणतं, माझी हाडं माझ्या प्रियकराकडे पोचव. विश्वास ठेवून पोचवलीत तर तो मरतो आणि रोगराई पसरवणारं ते भूत मोकळं सुटतं. संशय घेतलात तर दुसरी वाट निघते, तीही सुखाची नव्हे. (गेम जुना आहे, त्यामुळे पुढचं सांगितल्याचा राग मानू नका.) केइराचं प्रकरण तिथे संपत नाही. पुढे तिला समजावून केर मोरहेनच्या किल्ल्यावर पाठवलंत, तर तिथल्या मोठ्या लढाईत ती तुमच्या बाजूने उभी असते. मनोऱ्याचं काम न करताही गेम संपवता येतो. केलंत तर मात्र कथेला ते आठवतं.

फक्त पुनरावृत्ती दिसली म्हणून लगेच पाणी म्हणू नका. काही गेममध्ये तीच लढाई शंभरदा लढायची असते, पण विसाव्या वेळी तुमच्या हातातली हत्यारं आणि समोरचे शत्रू असे जुळतात की डोकं नव्याने चालवावं लागतं. तिसऱ्या तासाची युक्ती तिसाव्या तासालाही जशीच्या तशी चालत असेल, तर संशय घ्या.

घेण्याआधी मी HowLongToBeat या साइटवर जातो. नुसत्या मुख्य गोष्टीचे तास आणि बाजूच्या कामांसकटचे तास तिथे वेगळे दिलेले असतात. दोन्हींत मोठं अंतर असलं म्हणजे पाणीच, असं मात्र नाही. विचरचे आकडे ढोबळमानाने 50 आणि 100 आहेत आणि मनोरा त्या वरच्या पन्नासांतच येतो. अंतर दिसलं की त्या तासांत काय आहे ते शोधायचं.

त्यासाठी ट्रेलर उपयोगाचा नाही. यूट्यूबवर कोणीतरी गेम न कापता सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळलेला असतो. चाळीस भाग असतील तर मी थेट सोळावा-सतरावा उघडतो आणि बाजूची दोन कामं पूर्ण बघतो. काम देणारा माणूस नंतर पुन्हा भेटतो का? खेळणाऱ्याला कुठे थांबून विचार करावा लागतो का? आणि माझी आवडती खूण म्हणजे खेळणारा बोलतोय कशाबद्दल. गेम धरून ठेवत असेल तर तो गेमबद्दल बोलतो. पाणी लागलं की जेवणाच्या गोष्टी सुरू होतात.

स्टीमच्या पानावर आणखी दोन गोष्टी फुकट मिळतात. रिव्ह्यू खेळलेल्या तासांप्रमाणे गाळता येतात. तीस तासांच्या पुढचे, नापसंतीचे तेवढे वाचा. दुसरी गोष्ट म्हणजे अचीव्हमेंट, म्हणजे एखादा टप्पा गाठल्याची नोंद, किती टक्के लोकांना मिळाली तो आकडा. नुसता शेवटचा बघू नका, कारण पुष्कळांनी गेम घेऊन धड सुरूही केलेला नसतो. गोष्टीचे टप्पे ओळीने बघा. समजा पहिला टप्पा 70 टक्क्यांनी, दुसरा 60 टक्क्यांनी गाठला आणि तिसऱ्याला एकदम 25 झाले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये काहीतरी आहे. व्हिडिओचा नेमका तोच भाग उघडा. उत्तर दर वेळी पाणीच असेल असं नाही, एखादा फार अवघड शत्रूही असू शकतो. गोष्ट पुढे गेली की उरलेली कामं बाद होतात असे गेमही असतात, तिथे लोक मुद्दाम रेंगाळतात. बघितल्याशिवाय कळत नाही.

शेजारच्या मुलाने गेल्या चतुर्थीच्या सुट्टीसाठी असाच एक मोठा गेम हेरून ठेवला होता. माटोळी बांधून झाल्यावर आम्ही दोघांनी त्याच्या फोनवर सतरावा भाग लावला. खेळणारा एक छावणी साफ करत होता आणि नऊ मिनिटं आपल्या मांजराच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता. मुलाने नंतर आठशे रुपयांचा बारा तासांचा गेम घेतला. मांजराचं पुढे काय झालं ते बघायला मात्र अठरावा भागही लावला.