दिवा लागत नसेल तर वाय-फायच्या मागे लागू नका

स्मार्ट स्पीकर हाकेला ओ देत नाही अशी तक्रार घेऊन हेल्पलाइनला फोन केलात, की पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, इंटरनेटचा स्पीड किती येतोय?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं तरी डोकं फिरतं. म्हणून आधीच सांगते, हाक मारल्यावर स्पीकरवरचा दिवा लागतच नसेल, तर इंटरनेटचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हाक मारायचा ठरलेला शब्द, म्हणजे वेक वर्ड, ओळखायचं काम स्पीकर स्वतः करतो. आतली चिप मायक्रोफोनमधून येणारा आवाज सतत चाळत असते आणि तो एक शब्द सापडला की दिवा लावते. त्यानंतर तुम्ही जे बोलता ते इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातं आणि उत्तर परत येतं. म्हणजे दिवा लागेपर्यंतचा मामला खोलीतला आणि दिवा लागल्यानंतरचा मामला नेटवर्कचा. काही स्पीकर हाक खरी होती का हे सर्व्हरवर पुन्हा तपासून घेतात. तिथे शंका आली तर दिवा लागून मुकाट्याने विझतो, पण निदान लागतो तरी.

आमच्याकडे खोलीतला आणि नेटवर्कचा असे दोन्ही बिघाड होते आणि तेच त्रासाचं मूळ. बहुतेक वेळा दिवा लागायचाच नाही. लागला तर कधीकधी उत्तर यायला इतका उशीर व्हायचा की घरातलं कोणीतरी “ऐकलं नाही वाटतं” म्हणून पुन्हा हाक मारायचं आणि ती दुसरी हाक पहिल्या प्रश्नात मिसळून सगळाच गोंधळ व्हायचा. शिवाय अधूनमधून स्पीकर दिवसभर ठार बहिरा असायचा.

या ठार बहिरेपणाचा उलगडा लवकर झाला. मायक्रोफोन बंद करायचं बटण आमच्या मॉडेलला मागच्या बाजूला आहे, सरकवायचं. धूळ पुसताना स्पीकर मागे ढकलला गेला की बटण भिंतीला घासून सरकायचं. मायक्रोफोन बंद असताना लाल किंवा केशरी खूण दिसते, पण ती काही मॉडेलांत सतत पेटलेली राहत नाही आणि उंच फळीवरच्या स्पीकरची तर दिसतही नाही. इथे एक पक्कं लक्षात ठेवा: हे बटण मायक्रोफोन पूर्ण तोडतं. त्यामुळे ‘कधी ऐकतो, कधी नाही’ या तक्रारीचं कारण ते असूच शकत नाही. दहातल्या दोन हाका जरी ऐकू जात असतील तर बटण चालू आहे, पुढे चला.

पण पुढे चालू देईल ती हेल्पलाइन कसली! त्यांच्या ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये ‘डाउनलोड स्पीड’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. समस्येच्या यादीत ‘उत्तर येत नाही’ आहे, ‘उशिरा येतं’ आहे, पण ‘दिवा लागत नाही’ नाही. ‘उत्तर येत नाही’ निवडलं की तक्रार आपोआप नेटवर्कवाल्यांकडे जाते. ते स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागतात. तो चांगला असला की म्हणतात, स्पीकर रीसेट करा. रीसेट म्हणजे घरातल्या सगळ्या दिव्यांची नावं, अलार्म, ठरवलेली रूटीन्स नव्याने बसवा. ते सगळं केलं, पुन्हा फोन केला, की नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि तोच जुना प्रश्न. मी रीसेट केला होता हे आधीच्या नोंदीत आहे असं सांगितलं तर “मॅडम, मला ती नोंद दिसत नाहीये.” आणि मग तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद झाल्याचा मेसेज.

शेवटी मी राउटरच बंद केला. अक्षरशः प्लग काढला, स्पीकर तसाच चालू ठेवला आणि हाका मारल्या. जवळून मारली की दिवा लागायचा आणि इंटरनेट नसल्याचं तो सांगायचा. सोफ्यावरून मारली की पूर्वीसारखंच, क्वचित. म्हणजे नेटवर्क अजिबात नसताना दोष जसाच्या तसा. मोबाईलवर याचं चित्रण केलं: एका मीटरवरून हाक आणि लागणारा दिवा, चार मीटरवरून हाक आणि न लागणारा दिवा, मागे प्लग काढलेला राउटर. बोलणारी मीच, आवाजही तेवढाच, पंखा आणि टीव्ही बंद. हा व्हिडिओ जोडून लिहिलं की वरच्या तंत्रज्ञाशी बोलायचं आहे, तेव्हा कुठे ‘स्पीड’ शब्द न उच्चारणारा माणूस भेटला. त्याने व्हिडिओ पाहून एकच विचारलं: “स्पीकर कोनाड्यात ठेवलाय का?”

हो. टीव्हीशेजारच्या भिंतीत खोल कोनाडा आहे, त्यात. दिसायला छान दिसत होता.

एका मीटरवरून हाक नीट जाते म्हणजे मायक्रोफोन धडधाकट आहेत, हे त्याने आधी स्पष्ट केलं. मग खोलीत काय होतं ते सांगितलं. हाक स्पीकरपर्यंत एकदाच पोचत नाही. आधी थेट पोचते, मग फरशी, काच, छत आणि उघड्या भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा पोचते. आपण दूर गेलो की थेट आवाज झपाट्याने कमी होतो, अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने. भिंतींवरून परतलेला आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच राहतो. सामान कमी असलेल्या खोलीत मीटरभराच्या आतच दोन्ही बरोबरीला येतात आणि त्यापुढे स्पीकरला मिळतो तो मुख्यतः परतलेला आवाज. त्यात एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पसरतं. आपले दोन कान आणि मेंदू ते सहज सावरून घेतात, म्हणून आपल्याला वाटतं की मी तर स्वच्छ बोलले. स्पीकर मात्र व्यंजनांच्या धारदार सुरुवातीवर अवलंबून असतो आणि नेमक्या त्याच पुसल्या जातात.

कोनाड्यामुळे यात भर पडते. मागची भिंत मायक्रोफोनपासून १० सेंटिमीटरवर असेल तर समोरून आलेला आवाज तिच्यावर आपटून २० सेंटिमीटर जास्त चालून परततो, म्हणजे साधारण ०.६ मिलिसेकंद उशिरा. एवढ्या उशिराने आलेली लाट ८५० हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेच्या बरोबर उलट पडते आणि तिला बरंचसं मारून टाकते. हा पट्टा माणसाच्या बोलण्याच्या मधोमध येतो. कोनाड्यात अशा भिंती एक नाही, पाच बाजूंनी. वर, गाणं चालू असताना स्पीकर स्वतःचा आवाज मायक्रोफोनच्या आवाजातून वजा करत असतो. कोनाड्यात तोच आवाज घुमून परत मायक्रोफोनवर येतो, आणि आवाज मोठा ठेवला तर छोटा भोंगा फाटतो. ते फाटणं वजाबाकीच्या हिशोबात बसत नाही. गाणं लावलं की आमचा स्पीकर कोणाचंच ऐकायचा नाही, ते यामुळे.

मी स्पीकर सोफ्याशेजारच्या तिपाईवर आणला, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. बऱ्याच माहितीपत्रकांत निदान २० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायला सांगतात. मला हातभर ठेवल्यावर फरक कळला. खरा फायदा मात्र अंतर कमी झाल्याचा. जिथून हाक मारता तिथून दोन मीटरच्या आत स्पीकर असणं हे बाकी सगळ्या उपायांवर भारी आहे.

तरी जेवणाच्या टेबलाकडून हाक अजून चुकत होती. तिथे उभी राहून एक टाळी वाजवली तर मागे ‘टर्रर्र’ असा कापरा आवाज राहायचा. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टोले खातो त्याची ती खूण. एका भिंतीला जाड पडदा लावला, सतरंजी घातली, दुसऱ्या भिंतीशी पुस्तकांचं उघडं कपाट सरकवलं. टाळीचं शेपूट गेलं आणि हाकाही बऱ्याच सुधारल्या. पातळ, पारदर्शक पडद्याने मात्र काही होत नाही, तो आधी लावून पाहिला होता. टीव्ही चालू असताना टेबलाकडून आजही हाक चुकते, आणि ती जागा बदलून सुटणारी गोष्ट नाही.

उशिराचं कारण वेगळंच निघालं. दिवा लागून उत्तर रेंगाळायचं ते ठराविक वेळी, संध्याकाळी. लॅपटॉपवर दोन खिडक्यांत हे चालवून ठेवलं (पहिला पत्ता राउटरचा, तुमचा वेगळा असू शकतो, दुसरा घराबाहेरच्या इंटरनेटवरचा, विंडोजवर पुढे `-t` लावा, नाहीतर चारदा विचारून थांबतं):

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

राउटरचा आकडा सतत दोन-चार मिलिसेकंदांवर होता, म्हणजे घरातलं वाय-फाय ठीक. दुसरा आकडा एरवी तिशीत असायचा तो संध्याकाळी पाचशेच्या वर. घरातले सगळे फोन त्या वेळी चार्जिंगला लागायचे आणि दिवसभराचे फोटो वर चढवायचे. अपलोडची वाट तुंबली की स्पीकरचं छोटंसं बोलणंही त्या रांगेत मागे उभं राहतं. डाउनलोड स्पीड या सगळ्यात उत्तमच दिसत होता, जो त्या फॉर्मला हवा होता. फोटोंचा बॅकअप रात्री उशिराचा केला आणि उत्तरं वेळेवर यायला लागली. राउटरमध्ये अपलोडवर मर्यादा घालायची सोय असेल तर तीही चालते. पहिल्याच ओळीचा आकडा उड्या मारत असेल तर मात्र वाय-फायच कमजोर आहे, तेव्हा राउटर जवळ आणा किंवा ५ गिगाहर्ट्झवरून २.४ वर जाऊन पाहा, ते भिंतीतून जास्त चांगलं पोचतं.

एक सांगायचं राहिलं. ॲपमध्ये हाक ऐकल्यावर ‘टिंग’ वाजवायची सोय असते, ती तपासणीआधीच चालू करा. दिव्याकडे मान वळवून बसावं लागत नाही. त्याच ॲपमधल्या आवाजाच्या नोंदीही बघा. हाक मारलेल्या वेळेची नोंद नसेल तर स्पीकर जागाच झाला नव्हता. घरात दुसरा स्पीकर असेल तर त्याच्याही नोंदी पाहा, कधीकधी आतल्या खोलीतला ओ देतो आणि आपण समोरच्याला बोल लावत बसतो. आणि वेक वर्डची संवेदनशीलता वाढवायची सेटिंग असली तरी तिला सगळ्यात शेवटी हात लावा. मी ती वैतागून सुरुवातीलाच वाढवली, तर टीव्हीवरच्या बातम्यांना स्पीकर भराभर उत्तरं देऊ लागला आणि सोफ्यावरून मारलेली हाक तशीच चुकत राहिली.